मधल्या दाराची बिजागरी वेगळी का असते? फोटोवरून ओळखून दुकानात नेमकी कशी मागायची

प्रश्न: सिंकखालच्या तीन दारांपैकी मधल्या दाराची वरची बिजागरी गंजून तुटली. शेजारच्या दाराच्या बिजागरीचा फोटो दुकानात दाखवून तशीच नवी आणली, स्क्रूसुद्धा जुन्याच भोकांत बसले. पण आता दार बंद केलं की त्याचा वरचा कोपरा डावीकडच्या दारावर चढतो आणि उजवी बाजू वर ओट्याच्या ग्रॅनाइटला घासते. तीन फोटो जोडले आहेत: काढलेल्या बिजागरीची रिकामी भोकं (शेजारी दहाचं नाणं ठेवून), तुटलेली बिजागरी हातात धरून, आणि नवी बसवल्यावर बाहेरून. या बिजागरीला नेमकं काय म्हणतात आणि दुकानात काय मागू?

उत्तर:

तुमची तुटलेली बिजागरी म्हणजे ३५ मिमी कपाची, हाफ क्रँक, स्लाइड-ऑन, साधी ऑटो हिंज. तुम्ही आणलीत ती झिरो क्रँक. दोन्ही समोरून हुबेहूब सारख्या दिसतात, म्हणूनच स्क्रू बसले आणि तरी दार बसलं नाही.

आधी नाव. जी बिजागरी दार बंद असताना बाहेरून दिसत नाही, जिची गोल वाटी दाराच्या आत रुतलेली असते आणि दार शेवटचं थोडं अंतर आपोआप ओढून घेते, तिला आपल्याकडे दुकानात ऑटो हिंज किंवा ऑटोक्लोज म्हणतात. काही जण कन्सील्ड हिंज किंवा कप हिंजही म्हणतात. तिचे तीन भाग असतात. दारात रुतलेली वाटी म्हणजे कप. त्यातून निघून कपाटाच्या बाजूच्या फळीकडे जाणारी लोखंडी पट्टी म्हणजे आर्म. आणि त्या फळीवर स्क्रूने ठोकलेला तुकडा, ज्यावर आर्म बसते, तो बेसप्लेट किंवा नुसती प्लेट. फोटोवरून बिजागरी ओळखताना बहुतेकांची नजर कपावर जाते, कारण तो मोठा, गोल आणि चकचकीत असतो. पण स्वयंपाकघरातल्या जवळजवळ सगळ्या दारांचा कप एकसारखाच असतो. बिजागरीची जात ठरते ती आर्मवरून.

तरी सुरुवात कपापासूनच करू, कारण तुमच्या पहिल्या फोटोत नाणं आहे आणि त्याने काम सोपं झालं. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा व्यास २७ मिमी असतो. फोटो स्क्रीनवर मोठा करून मी पट्टी लावली. नाणं ५४ मिमी भरलं, म्हणजे फोटो बरोबर दुप्पट झाला होता. गोल भोक ७० भरलं, म्हणजे खरं ३५. त्याच्या दोन बाजूंच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ९६ भरलं, म्हणजे खरं ४८. नाणं भोकाशेजारी दाराच्याच पृष्ठभागावर सपाट पडलेलं होतं म्हणून हा हिशेब धरता येतो. ते हातात वर धरलं असतं, किंवा फोटो तिरका घेतला असता, तर नाणं आणि भोक कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर आले असते आणि ३५ चे ३३ किंवा ३८ झाले असते. नाणं नसेल तर एटीएम कार्ड ठेवा. त्याची लांबी ८५.६ मिमी असते आणि लांब वस्तूवर मोजमापातली चूक कमी येते.

३५ चा कप हा साधारण १६ ते २० मिमी जाडीच्या दाराचा नेहमीचा आकार. लहान, हलक्या दाराला २६ चा कप येतो, जाड आणि जड दाराला ४० चा. स्क्रूंच्या अंतरात मात्र फरक पडतो. ४८ चं अंतर बाजारातल्या बहुतेक साध्या बिजागऱ्यांना असतं, काही कंपन्यांचं ४५ असतं, काहींचं ५२. हे अंतर जुळलं नाही तर बिजागरी बसतच नाही असं नाही, पण नवं भोक जुन्याला इतकं चिकटून पडतं की स्क्रू निसटून जुन्या भोकात घसरतो. तुमच्या बाबतीत ४८ च्या जागी ४८ च आलं. स्क्रू जुन्याच भोकांत बसले म्हणजे वस्तू तीच, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्याने फक्त कप जुळल्याचं कळतं.

आता आर्मकडे येऊ. सगळी गोम तिथे आहे.

तुमच्या कपाटाला तीन दारं आहेत. डाव्या दाराच्या बिजागऱ्या कपाटाच्या अगदी डावीकडच्या फळीवर आहेत, उजव्याच्या अगदी उजवीकडच्या फळीवर. या टोकाच्या फळ्या एकेका दाराच्याच असतात, त्यामुळे दार फळीची जवळजवळ पूर्ण जाडी झाकू शकतं. फळी १८ मिमीची असेल तर दार तिच्यावर १६ मिमीच्या आसपास येतं. याला फुल ओव्हरले म्हणतात आणि त्याला आर्म सरळ लागते, म्हणजे झिरो क्रँक.

मधल्या दाराचं तसं नाही. त्याच्या बिजागऱ्या मधल्या उभ्या पार्टिशनवर आहेत, आणि त्याच पार्टिशनच्या कडेवर डावं दारही येऊन मिटतं. एकाच १८ मिमीच्या कडेची दोन दारांत वाटणी होते: ८ मिमी डाव्याला, ८ मधल्याला, आणि दोघांच्या मध्ये २ मिमीची फट. म्हणजे मधल्या दाराने पार्टिशन अर्धंच झाकायचं. त्यासाठी आर्मला मध्ये एक बाक दिलेला असतो. तो बाक दाराला फळीपासून तेवढंच दूर ढकलतो. हा हाफ क्रँक. काही कंपन्या त्याला ८ क्रँक म्हणतात, काही ९, आकडा थोडा मागेपुढे असतो पण काम तेच.

झिरो क्रँक बसवल्यावर त्या जागी दार ८ ऐवजी १६ मिमी झाकायला गेलं. जास्तीच्या ८ मधले २ फटीत मावले, उरलेले साधारण ६ मिमी डाव्या दारावर चढले. तिसऱ्या फोटोत नेमकं तेच दिसतंय. तुमच्या लिहिण्यातल्या दुसऱ्या एका गोष्टीने मला खात्री पटली: चढतो तो फक्त वरचा कोपरा, खालचा नाही. खालची बिजागरी अजून जुनी, हाफ क्रँकच आहे, ती दाराला जागेवर धरून ठेवते आणि वरची डावीकडे ओढते. दार खालच्या बिजागरीभोवती कलंडतं, डावी वरची बाजू डावीकडे जाते, म्हणून मोकळी उजवी बाजू वर उचलली जाते. दोन बिजागऱ्यांत ५०० मिमी अंतर आणि दार ४५० मिमी रुंद धरलं, तर वर ८ मिमी सरकल्यावर उजवी बाजू ७ मिमी वर जाते. ओट्याखाली दाराला इतकी मोकळी जागा क्वचितच सोडलेली असते, म्हणून ते ग्रॅनाइटला घासतंय. दार फुगलेलं नाही, कपाटही वाकलेलं नाही.

हे दार असंच वापरत राहू नका. दोन बिजागऱ्या दोन दिशांना ओढत असल्यामुळे खालच्या चांगल्या बिजागरीच्या सांध्यांवर आणि तिच्या स्क्रूंवर ताण येतोय. नवी मिळेपर्यंत वरची काढून ठेवा, नाहीतर दारच उतरवून बाजूला ठेवा.

बिजागरीवरचा स्क्रू फिरवून हे ठीक करता येईल का, असं तुम्हाला वाटेल. नाही. कपाच्या जवळचा जो पुढचा स्क्रू असतो तो दार डावी-उजवीकडे सरकवतो, पण त्याची धाव बहुतेक बिजागऱ्यांत एका बाजूला २ मिमीच्या आसपास असते. तुम्हाला ८ मिमी हवेत. स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही दार चढतच असेल, तर क्रँक चुकला असं खुशाल समजावं.

क्रँकचा तिसरा प्रकारही सांगतो, कारण दुकानात गोंधळ तिथेच होतो. काही कपाटांची दारं फळीवर येत नाहीत, फळ्यांच्या आत बसतात आणि बंद केल्यावर फळीच्या कडेशी सपाट दिसतात. जुन्या पद्धतीच्या भिंतीतल्या कपाटांना आणि काही शोकेसना अशी दारं असतात. त्यांना आर्मला मोठा बाक लागतो, त्याला फुल क्रँक म्हणतात, म्हणजेच १५ किंवा १६ क्रँक. आता गंमत बघा. फुल ओव्हरले म्हणजे दार फळी पूर्ण झाकतं, त्याला झिरो क्रँक. फुल क्रँक म्हणजे दार फळी जराही झाकत नाही, आत बसतं. एकाच ‘फुल’ शब्दाचे दोन उलटे अर्थ. काउंटरवर जाऊन ‘फुलवाली द्या’ म्हटलं की देणारा आपल्या सवयीप्रमाणे दोन्हीतली एक देतो आणि ती चुकायची शक्यता अर्धी असते. म्हणून मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, ‘फुल’ हा शब्दच वापरू नका. दार फळीवर येतं, का अर्ध्यावर येतं, का आत बसतं, एवढंच सांगा. तुमच्या बाबतीत ही अडचण नाही. हाफ ओव्हरले म्हणजेच हाफ क्रँक, ‘हाफ’ कुठूनही म्हटलं तरी तीच वस्तू येते.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल. तुटलेली बिजागरी तळहातावर ठेवून तुम्ही तो वरून घेतलाय. अशा फोटोत आर्म ही एक चमकणारी लांबट पट्टी दिसते, तिच्यावर दोन स्क्रू, बस. सरळ असो, अर्धी वाकलेली असो, पूर्ण वाकलेली असो, वरून तिन्ही सारख्याच. तुमच्या सुदैवाने फोटो थोडा तिरका आलाय आणि कपाच्या बाजूला आर्म उंचावून मग प्लेटकडे उतरताना दिसते. तेवढ्यावरूनच मी हाफ म्हणू शकलो. पूर्ण आडव्या बाजूने घेतला असता तर शंकाच उरली नसती. झिरोची आर्म बाजूने पाहिली की जवळजवळ सपाट जाते. हाफला पाठीच्या किंचित पोकासारखा उंचवटा असतो. फुलला बदकाच्या मानेसारखं ठळक वळण असतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका घरातल्या वॉर्डरोबचं काम होतं आणि मालकांनी फोनवर समोरून काढलेला एकच फोटो पाठवला. आर्म सरळ वाटली म्हणून मी सगळ्याच दारांना झिरो क्रँक मागवल्या. तिथे गेल्यावर कळलं की चार दारांपैकी दोन मधल्या पार्टिशनवर मिटत होती. दोन दारांच्या बिजागऱ्या परत कराव्या लागल्या आणि त्या कुटुंबाचे आठ दिवस उघड्या कपाटात गेले. तेव्हापासून दार बंद असलेला बाहेरचा फोटो आणि आर्मचा बाक दिसेल असा फोटो, हे दोन्ही आल्याशिवाय मी बिजागरीचं नाव सांगत नाही.

फोटोवर विसंबायचं नसेल तर घरी पेन्सिलने दोन मिनिटांत खात्री करता येते. तुमची खालची जुनी बिजागरी अजून जागेवर आहे, तिचाच उपयोग करा. वरची नवी काढा, कुणाला तरी दार वर हलकं धरायला सांगा म्हणजे ते सरळ राहील. मग डावं दार उघडा आणि मधलं बंद ठेवा. आता पार्टिशनची पुढची कड तुमच्यासमोर आहे आणि तिच्यावर मधल्या दाराची डावी कड आलेली दिसते. खालच्या बिजागरीच्या उंचीला, दाराच्या कडेला टेकवून पार्टिशनच्या कडेवर पेन्सिलची एक बारीक रेघ मारा. मग मधलं दार उघडा. रेघेपासून पार्टिशनच्या उजव्या बाजूपर्यंत, म्हणजे ज्या बाजूला प्लेट ठोकली आहे त्या बाजूपर्यंत, मोजा. ७ ते ९ मिमी आलं की हाफ क्रँक. १५ ते १७ आलं असतं तर झिरो. शून्य आलं, म्हणजे दार फळीच्या आत आहे, तर फुल क्रँक.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. कधीकधी सुतार सरळ आर्मची बिजागरीच घेतो आणि तिच्याखाली उंच प्लेट देऊन अर्धा ओव्हरले साधतो. प्लेट जितकी उंच, तितकं दार फळीपासून दूर जातं: २ मिमी उंच प्लेटने झाकणं २ मिमीने कमी होतं. अशा ठिकाणी आर्म सपाट दिसेल, पेन्सिलची रेघ मात्र ८ मिमी सांगेल. मग प्लेट बघायची. ती साध्या प्लेटपेक्षा चांगली जाड दिसते. तुमच्या फोटोत प्लेट दिसत नाही, म्हणून जुनी प्लेट शेजारच्या दाराच्या प्लेटशी एकदा ताडून बघा. दोन्ही सारख्याच पातळ असतील तर मी म्हणतो तेच खरं. तुमची जाड निघाली तर मात्र जुनी प्लेट काढून टाका, नाहीतर हाफ क्रँकचा बाक आणि जाड प्लेट मिळून दार पार्टिशन झाकणारच नाही.

आता आर्म प्लेटवर बसते कशी ते. तुमच्या आर्मच्या मागच्या टोकाला एक लांबट खाच दिसते, मागून उघडी, आणि त्यात स्क्रू येतो. तो स्क्रू सैल केला की आर्म पुढे सरकून प्लेटवरून सुटते. ही स्लाइड-ऑन. दुसरा प्रकार क्लिप-ऑन. त्यात आर्मच्या मागच्या टोकाला बोटाने दाबायची छोटी कळ असते, दाबली की आर्म ‘खट्’ करून निघते, स्क्रूला हात लावावा लागत नाही. क्लिप-ऑन सोयीची आहे, पण एका जातीची आर्म दुसऱ्या जातीच्या प्लेटवर बसत नाही, आणि एकाच जातीची असली तरी दोन कंपन्यांच्या आर्म आणि प्लेट बहुधा जुळत नाहीत. म्हणून जुनी प्लेट वाचवायच्या फंदात न पडता बिजागरी प्लेटसकट घ्या. प्लेटचे दोन स्क्रू बहुतेक कपाटांत एकमेकांपासून ३२ मिमीवर आणि फळीच्या पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर असतात, त्यामुळे नवी प्लेट बहुतेक वेळा जुन्याच भोकांवर येते. तरी दुकानात जाण्याआधी तुमच्या फळीवर ही दोन्ही अंतरं पट्टीने मोजून कागदावर लिहून न्या.

सॉफ्ट क्लोजचं काय? दार बंद करताना शेवटी एकदम ‘टप्’ करून मिटत असेल तर बिजागरी साधी. शेवटच्या चार बोटांत हळू होऊन आवाज न करता मिटत असेल तर सॉफ्ट क्लोज, जिला बरीच दुकानं हायड्रॉलिक म्हणतात. फोटोत ती ओळखायची तर आर्मवर किंवा कपात बसवलेली प्लास्टिकची छोटी डबी किंवा नळकांडं शोधा. तुमच्या फोटोत असं काही नाही. शेजारची दोन्ही दारं ‘टप्’ करून मिटत असतील तर मधल्यालाच हायड्रॉलिक बसवण्यात अर्थ नाही.

आर्मवर किंवा कपाच्या आतल्या बाजूला काही ठसा असेल तर तोही बघा. मॉडेल नंबर असेल तर तो इंटरनेटवर टाकला की नेमकी वस्तू सापडते. उदाहरणार्थ, ब्लूमच्या एका मालिकेत 71B3550 म्हणजे फळी पूर्ण झाकणारी, 71B3650 अर्धी झाकणारी आणि 71B3750 आत बसणाऱ्या दाराची. शेवटच्या तीन आकड्यांमधला पहिला बदलला की क्रँक बदलतो, बाकी बिजागरी दिसायला तीच. तुमच्या तुटलेलीवर गंज चढलाय, कापडाने खोबरेल तेल लावून पुसून बघा, काही उमटलेलं निघतंय का. साध्या बिजागऱ्यांवर बऱ्याचदा नुसतं नाव असतं, नंबर नसतो. अशा वेळी मोजमापांवरच भिस्त.

आणि घेताना एक नाही, दोन घ्या. खालची अजून शाबूत आहे हे खरं, पण ती वरचीइतकीच जुनी आहे आणि त्याच ओलीत राहिली आहे. शिवाय वेगळ्या कंपनीच्या हाफ क्रँकमध्ये १ मिमीचा फरक असू शकतो आणि स्प्रिंगची ताकदही वेगळी असते. एकाच दाराला वर-खाली एकाच जातीची जोडी असली की दार जुळवायला सोपं जातं. दुकानात बहुधा जोडीच मिळते.

सिंकखाली बिजागरी गंजते त्याचं कारण बहुतेक वेळा पाइपच्या जोडातून होणारी हलकी गळती किंवा दाटलेला ओलावा असतो. बाजारातली साधी बिजागरी लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली असते. मुलामा ओरखडला की आतून गंज सुरू होतो. या एका कपाटासाठी एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टीलची ऑटो हिंज मागा. दुकानातच चुंबक लावून बघा. साधी बिजागरी चुंबक घट्ट पकडते, ३०४ च्या कपाला आणि आर्मला तो चिकटत नाही किंवा अगदी हलका चिकटतो. आतली स्प्रिंग आणि पिना मात्र चिकटू शकतात, त्यावरून निकाल लावू नका.

तर काउंटरवर जाऊन असं सांगा: ‘ऑटो हिंज द्या, पस्तीसचा कप, हाफ क्रँक, स्लाइड-ऑन, कपाच्या स्क्रूंचं अंतर अठ्ठेचाळीस, साधी, हायड्रॉलिक नको, स्टेनलेसची असेल तर ती, प्लेटसकट एक जोडी.’ आणि तुटलेली बिजागरी सोबत न्या. दिलेली नवी बिजागरी तिच्याशेजारी काउंटरवर आडवी ठेवा, डोळे त्या पातळीला आणा आणि दोन्ही आर्मचे बाक बाजूने जुळतात का ते बघा. कप कितीही जुळला तरी बाक जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. शेजारच्या दाराचा फोटो या वेळी दाखवू नका, ते दार टोकाच्या फळीवरचं आहे आणि त्याची बिजागरी झिरोच असणार.

बसवताना आधी जुनी भोकं तपासा. सिंकखालचा प्लाय ओल धरून फुगतो आणि स्क्रू पकड सोडतो. स्क्रू फिरत राहत असेल तर भोकात फेव्हिकॉल घालून, त्यात टोक तासलेली लाकडी काडी ठोकून बसवा, रात्रभर सुकू द्या, सकाळी कडेला सपाट कापून मग स्क्रू लावा. आगपेटीच्या एक-दोन काड्याही चालतात. स्क्रू १६ मिमीपेक्षा लांब वापरू नका, १८ मिमीच्या दारात त्याहून लांब स्क्रू बाहेरच्या सनमायकावर फुगवटा आणतो. प्लाय नखाने दाबल्यावर भुसभुशीत लागत असेल तर काडीचा उपयोग नाही. मग प्लेट पार्टिशनवर थोडी वर किंवा खाली, कोरड्या भागात हलवा आणि दारातलं कपाचं भोकही त्याच उंचीवर नवं पाडून घ्या. हे ३५ च्या कटरचं काम आहे, सुताराकडून करून घ्यावं.

दोन्ही बिजागऱ्या लागल्या की आधी मागचे स्क्रू हलके आवळून दार बंद करा आणि डाव्या दाराशी असलेली फट बघा. वर आणि खाली फट सारखी नसेल तर जिथे कमी-जास्त आहे तिथल्या बिजागरीचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा फिरवा, दार मिटून बघा, लागला तर पुन्हा अर्धा. फट वर-खाली २ मिमी झाली की उजवी बाजू आपोआप खाली येते आणि ग्रॅनाइटपासून सुटते. मग मागचे स्क्रू पूर्ण आवळा. एवढं करूनही दार घासलं, तर प्लेटच्या उभ्या खाचेतले स्क्रू सैल करून दार १-२ मिमी खाली सरकवता येतं.